कड आणि पत्ता

रस्त्यावरच्या बहुतेक खुणा आपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो. दुकानाची पाटी, बसचा नंबर, नोटेवरचा आकडा, पावतीवरचा शिक्का. क्यूआर कोड मात्र आपल्याला वाचता येत नाही. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या त्या नक्षीत कोणाचं नाव आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दुकानदाराचा एक आणि चोराचा एक असे दोन कोड शेजारी ठेवले, तर दोन्ही सारखेच निष्पाप दिसतील. या एका गोष्टीवर एक अगदी साधी चोरी उभी आहे. खऱ्या कोडवर आपला कोड छापलेला स्टिकर चिकटवायचा आणि निघून जायचं. पुढचं काम येणारा-जाणारा स्वतःच्या फोनने करतो.

ही चोरी सोपी असली तरी तिच्यात दोन गोष्टी चोराला सहसा लपवता येत नाहीत. एक म्हणजे चिकटवलेल्या कागदाची कड आणि दुसरी म्हणजे पैसे किंवा माहिती जिथे जाणार तो पत्ता. पहिली बोटाला कळते, दुसरी डोळ्याला. आजचा विचार या दोन गोष्टींपुरताच.

कडेपासून सुरुवात करू. मुळात चोराला अख्खा स्टिकरच का लावावा लागतो? काळ्या पेनाने दोन-चार चौकोन रंगवून खऱ्या कोडचा पत्ता का बदलता येत नाही? याचं उत्तर कोडच्या जन्मात आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यात तेल उडतं, लेबलं घासली जातात, कागद मळतो. म्हणून कोडमध्ये मूळ माहितीबरोबर ती दुरुस्त करणारी जादा माहितीही भरलेली असते. तिच्या चार पातळ्या आहेत. सर्वांत खालच्या पातळीत कोडचा सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी मूळ माहिती परत मिळते, सर्वांत वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के. मधोमध बोधचिन्ह छापलेला कोडही वाचला जातो तो याचमुळे. बोधचिन्हाखाली झाकलेला भाग फोन हिशेबाने भरून काढतो.

आता हे चोराच्या बाजूने बघा. त्याने थोडे चौकोन रंगवले तर फोन ते डाग समजून दुरुस्त करतो आणि जुनाच पत्ता दाखवतो. जास्त रंगवले तर कोड वाचलाच जात नाही. दुसरीकडे वळवायचं असेल, तर साधारणपणे खरा कोड पूर्ण झाकून नवा लावणं एवढीच वाट उरते. कारखान्यातल्या मळासाठी केलेली सोय अशी आपल्या उपयोगी पडते. झाकायचं म्हटलं की कागद आला आणि कागद आला की कड आली.

ही कड शोधायला अंगठ्याचं नख पुरतं. कोडच्या चौकटीच्या बाहेरून आत नख हलकेच सरकवा. कोड मूळच्या फलकावरच छापलेला असेल तर नख कुठे अडत नाही. वरून काही चिकटवलं असेल तर कोडच्या भोवती चारही बाजूंना बारीकशी पायरी लागते. डोळ्यालाही काही खुणा दिसतात. फलक उन्हाने फिका पडलाय पण कोड कोरा करकरीत आहे. फलकाला चकाकी आहे, कोड मात्र मंद कागदाचा आहे. कोड छापील चौकटीत किंचित वाकडा बसलाय, किंवा त्याने बाजूच्या अक्षराचा तुकडा खाल्लाय. लॅमिनेट केलेल्या फलकावर एकच प्रश्न विचारायचा: कोड प्लास्टिकच्या खाली आहे की वर? खाली असेल तर तो फलकाबरोबरच तयार झालाय. वर असेल तर नंतर आलाय.

‘नंतर आलाय’ याचा अर्थ ‘चोराने लावलाय’ असा मात्र होत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. दुकानदार बँक बदलतो, नव्या कंपनीचा माणूस येतो आणि जुन्या स्टँडवरच नवा कोड चिकटवून जातो. आपल्याकडच्या निम्म्या टपऱ्यांवर कोडखाली कोड सापडतील. शिवाय उलटही खरं आहे. एखाद्याने अख्खा स्टँडच बदलून ठेवला तर नखाला कुठलीही पायरी लागणार नाही. तेव्हा कड ही फक्त सूचना आहे, पुढचं जरा सावकाश बघा म्हणणारी. निकाल पत्त्यावर लागतो.

पत्त्याचं महत्त्व समजायला कॅलिफोर्नियातल्या रेडोंडो बीच या गावाचं उदाहरण चांगलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये समुद्रकिनाऱ्याच्या एस्प्लनेड रस्त्यावर आणि रिव्हिएरा व्हिलेज भागात गाड्या लावण्याच्या सुमारे दीडशे मीटरांवर बनावट क्यूआर स्टिकर सापडले. तिथे पार्किंगचे पैसे भरण्यासाठी PayByPhone नावाची खरी सेवा वापरली जाते. चोरांच्या स्टिकरमधला कोड नेत होता `poybyphone.online` या पत्त्यावर. पे ऐवजी पॉय. एका अक्षराचा फरक, आणि शेवटी `.com` च्या जागी `.online`. त्या पानावर माणूस कार्डाचा नंबर भरणार, गाडी लावून समुद्राकडे जाणार आणि फसवणूक कळणार ती नंतर कधीतरी, बँकेचा हिशेब बघताना.

या प्रकरणात आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. हे स्टिकर खऱ्या लेबलांच्या शेजारी लावलेले होते. म्हणजे झाकलेलं काही नव्हतं, आणि मीटरवर नाहीतरी सगळी लेबलं चिकटवलेलीच असतात. नखाच्या परीक्षेत ते सहज सुटले असते. पण पत्ता वाचणाऱ्या माणसाच्या हातून ते सुटले नसते. फोनने त्यांचा पत्ता आधी दाखवलाच असता.

कॅमेरा कोडवर धरला की बहुतेक फोन लगेच पान उघडत नाहीत. आधी एक छोटी पट्टी दाखवतात. आयफोनच्या कॅमेऱ्यात ती पिवळी असते, अँड्रॉइड फोनांत तिचं रूप कंपनीगणिक बदलतं. त्या पट्टीवर संकेतस्थळाचं नाव असतं आणि तिला बोट लावल्याशिवाय पुढे काही होत नाही. वाचता न येणारी नक्षी माणसाला वाचता येईल अशी होते, ती या एका क्षणी. आपण मात्र ती पट्टी दार उघडण्याच्या बटणासारखी दाबून मोकळे होतो. स्कॅनिंगची काही वेगळी अ‍ॅप ही पट्टी न दाखवता सरळ पान उघडतात. त्यांच्या सेटिंगमध्ये आपोआप उघडणं बंद करता येत असेल तर करावं, नाहीतर फोनचा स्वतःचा कॅमेराच वापरावा.

पट्टी दिसली, पण त्यात वाचायचं काय? एक उदाहरण घेऊ. समजा, सोसायटीच्या जिन्यात वीजबिल भरण्यासाठी म्हणून कोणी एक कोड लावलाय. महावितरणचं खरं संकेतस्थळ आहे `mahadiscom.in`. कोड स्कॅन केल्यावर मात्र फोन असा पत्ता दाखवतो (शेवटचा शब्द उदाहरणापुरता घेतला आहे):

```
https://www.mahadiscom.in.bill-bhara.example/pay
```

घाईत वाचणाऱ्याला यात महावितरण दिसतं, कारण आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचं नाव भेटलं की थांबतो. पण वेबचा पत्ता मालकाच्या दृष्टीने उजवीकडून वाचायचा असतो. `https://` सोडून पुढे चला आणि पहिली तिरकी रेघ जिथे येईल तिथे थांबा. इथे ती `pay` च्या आधी आहे. आता त्या रेघेपासून डावीकडे मागे या. पहिला शब्द `example`, त्याआधी टिंब आणि मग `bill-bhara`. मालक इथे ठरला: `bill-bhara.example`. त्याच्याही डावीकडे जे काही आहे, ते या मालकाने स्वतःच्या मर्जीने लावलेलं आहे. तिथे तो महावितरण लिहील, बँकेचं नाव लिहील, काहीही लिहील. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडच्या सरकारी पत्त्यांत शेवटी दोन शब्दांची जोडी असते, म्हणून तिथे आणखी एक शब्द मागे जायचं. पुणे महापालिकेच्या `pmc.gov.in` मध्ये `gov.in` ही जोडी आणि `pmc` हे नाव. `gov.in` हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो, त्यामुळे तो पहिल्या तिरक्या रेघेला अगदी चिकटून असेल तर बराच भरवसा ठेवता येतो. तोच मध्ये कुठेतरी असेल आणि त्याच्या उजवीकडे आणखी काही शब्द असतील, तर तो नुसता देखावा. टिंब आणि आडव्या रेघेतला फरकही इथेच कामाला येतो. `mahadiscom.in` च्या मालकाला डावीकडे टिंब देऊन आपलेच उपपत्ते तयार करता येतात. पण `mahadiscom-bill` असं आडव्या रेघेने जोडलेलं नाव हा पूर्ण वेगळा पत्ता झाला आणि तो कोणीही विकत घेऊ शकतो.

पत्ता लांब असला की छोट्या पट्टीत तो मावत नाही आणि शेवट कापला जातो. चोराला नेमकं हेच हवं असतं: डावीकडचं ओळखीचं नाव दिसावं, उजवीकडचा खरा मालक पडद्याबाहेर राहावा. काही फोनांत पट्टीवर बोट दाबून धरलं की पत्ता पूर्ण दिसतो किंवा त्याची नक्कल घेता येते. ते जमत नसेल आणि शेवट दिसत नसेल, तर आपण पत्ता वाचलेलाच नाही असं समजावं.

या पट्टीच्याही मर्यादा आहेत. ती फक्त पहिलं दार दाखवते. पोस्टरवरचे बरेच खरे कोडसुद्धा `bit.ly` सारख्या छोट्या दुव्याचे असतात आणि तो दुवा आत कुठे नेतो हे पट्टीला माहीत नसतं. अशा वेळी पान उघडल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्ता पुन्हा वाचावा लागतो, तोही काहीही भरण्याआधी. शिवाय पट्टीसुद्धा शेवटी एक प्रोग्रामच आहे आणि प्रोग्राम चुकतात. २०१८ मध्ये आयफोनच्या कॅमेऱ्यात असा दोष सापडला होता की विशिष्ट रीतीने रचलेल्या कोडसाठी पट्टी एका संकेतस्थळाचं नाव दाखवायची आणि बोट लावल्यावर उघडायचं दुसरंच. तो दोष त्याच वर्षी दुरुस्त झाला, पण दुसऱ्यांदा वाचायची सवय का हवी हे त्याने दाखवून दिलं. आणि पत्त्याशेजारचं कुलूप? त्याचा अर्थ एवढाच की वाटेत तुमचं बोलणं तिसरा कोणी ऐकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे की नाही, हे ते कुलूप सांगत नाही. चोराच्या पानालाही ते मिळतं.

हे झालं वेबच्या पत्त्यांचं. आपल्या रोजच्या आयुष्यात कोड म्हणजे बहुतेक वेळा यूपीआयचा कोड, आणि त्यात पत्ता वेगळ्या वेषात असतो. टपरीवरच्या कोडमध्ये साधारण अशी ओळ असते:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Shri%20Kirana&cu=INR
```

यातल्या `pa` पुढे असतो तो पैसे जाण्याचा खरा पत्ता, आपण ज्याला यूपीआय आयडी म्हणतो तो. `pn` पुढे असतं नाव. गंमत अशी की हे नाव कोड बनवणारा स्वतः लिहितो. तिथे त्याने ‘श्री किराणा’ लिहिलं म्हणून पैसे श्री किराणाला जात नाहीत, ते `pa` मधल्या खात्याला जातात. त्यामुळे पडद्यावर दिसणारं नाव कोडमधून उचललेलं आहे की बँकेला विचारून आणलेलं, यावर सगळं अवलंबून असतं. २०२५ मध्ये एनपीसीआयने यूपीआय अ‍ॅपना सूचना दिली की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलं लाभार्थ्याचं नावच दाखवावं. त्यासाठी ३० जूनची मुदत होती. म्हणजे रक्कम टाकण्याच्या पडद्यावरचं नाव हे आता वाचण्याच्या लायकीचं झालं आहे. कोडखाली यूपीआय आयडी छापलेला असेल तर तोही पडद्यावरच्या आयडीशी ताडून बघता येतो. घाईतला चोर कोड झाकतो, खालची ओळ झाकायला विसरतो.

नाव जुळलं नाही तर लगेच चोरी समजायची का? तसंही नाही. पाटी ‘जय भवानी वडापाव’ची असते आणि खातं मालकाच्या, कधी त्याच्या बायकोच्या, कधी मुलाच्या नावावर असतं. इथे विचारण्याची रीत महत्त्वाची ठरते. आपण सहसा पडद्यावरचं नाव वाचून दाखवतो, “सुनील म्हणून येतंय, बरोबर ना?” गर्दीच्या वेळी कढईसमोर उभा असलेला माणूस मान डोलावून मोकळा होतो. त्याऐवजी उलटं विचारावं, “दादा, तुमच्या कोडवर नाव कोणाचं येतं?” उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्यावं आणि आपण ते पडद्याशी ताडावं. नाव आपण पुरवलं तर ती तपासणी राहत नाही, नुसता होकार मिळतो.

जिथे विचारायला माणूसच नाही, तिथे खरी अडचण आहे. पार्किंगचं मीटर, चार्जिंगचं ठिकाण, दानपेटी, बंद दुकानाचं शटर, भिंतीवरचं पोस्टर. चोराला हीच ठिकाणं सोयीची, कारण चिकटवताना बघायला कोणी नसतं आणि नंतर विचारायलाही कोणी नसतं. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २०२२च्या सुरुवातीला पार्किंगच्या दोन डझनांहून अधिक यंत्रांवर असे स्टिकर सापडले. त्या शहराच्या पार्किंग यंत्रांवर पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड वापरलाच जात नव्हता. म्हणजे तिथे कोड दिसणं हीच फसवणुकीची खूण होती. पण बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ते कसं कळावं? अशा जागी सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे कोडला बगल देणं. अ‍ॅप आपल्या अ‍ॅप स्टोअरमधून घ्यावं, पत्ता स्वतः टाइप करावा, नाहीतर यंत्रात सरळ नाणी टाकावीत. एखाद्या कोडने पानावरून अ‍ॅपची फाईल उतरवून घ्यायला सांगितलं तर तिथेच थांबावं. पार्किंगचे पैसे भरायला किंवा देणगी द्यायला अनोळखी फाईल बसवावी लागत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते: नुकसान नेमकं कोणाचं होतं? वेबच्या बनावट पानावर नुकसान स्कॅन करणाऱ्याचं. कार्डाचा नंबर त्याने दिला, पैसे त्याचे गेले. दुकानातल्या यूपीआय स्टिकरमध्ये मात्र बहुतेक वेळा उलटं असतं. गिऱ्हाईक भाजी घेऊन, पडद्यावरची हिरवी खूण दाखवून गेलेलं असतं. त्याचे तेवढेच पैसे गेले जेवढे जायला हवे होते. बुडते ती भाजीवाली, आणि एका व्यवहारात नाही, तर स्टिकर लक्षात येईपर्यंतच्या प्रत्येक व्यवहारात.

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत असंच घडलं. रात्रीत काही दुकानांबाहेरचे आणि पेट्रोल पंपावरचे कोड बदलले गेले. बदलणारे सीसीटीव्हीत टिपले गेले, पण ते नंतर पाहिलं गेलं. आधी लक्षात आलं ते स्कॅन केल्यावर पडद्यावर दुसऱ्याचंच नाव येतंय म्हणून. रात्री कॅमेरा जागा होता तरी कोणाला कळलं नाही, सकाळी नाव वाचलं गेलं तेव्हा कळलं.

दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा असेल तर तो इथे चांगला पहारा देतो. तो दुकानदाराच्या खात्याशी जोडलेला असतो, त्यामुळे पैसे दुसऱ्या खात्यात गेले की तो गप्प राहतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण आणि डबा मुका, असं दिसलं की पुढचं गिऱ्हाईक घेण्याआधी कोड बघावा. पण डब्याला महिन्याचं भाडं द्यावं लागतं, आणि कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या मावशींकडे तो नसतोही. त्यांच्यासाठी साधा उपाय आहे: सकाळी गाडी लावली की घरातल्या कोणाच्या तरी फोनने स्वतःचाच कोड स्कॅन करायचा, नाव बघायचं आणि पैसे न भरता मागे यायचं. रात्री स्टँड बाहेर ठेवायचा नाही. आणि पैसे गेल्याचं लक्षात आलंच, तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच घाईवर अवलंबून असते.

मावशींना हे सगळं दिवसभर करता येणार नाही. हातात वजनकाटा, समोर चार गिऱ्हाइकं, आणि पडदा असतो तो आपल्या हातात. त्यांच्या कोडमध्ये कोणाचं नाव आहे, हे त्या घटकेला फक्त आपल्याला दिसत असतं. म्हणून रक्कम टाकण्याआधी ते नाव वाचायचं आणि वेगळं वाटलं तर विचारायचं. चुकलेलं नाव पहिल्या गिऱ्हाइकाने वाचलं, तर दिवसभराची कमाई वाचते. चाळिसाव्याने वाचलं, तर एकोणचाळीस जणांचे पैसे गेलेले असतात.